होळीनंतरचा स्लॉट

शिकाऊ परवान्याच्या ऑनलाइन अर्जात नाव, पत्ता, जन्मतारीख, रक्तगट असं सगळं भरून झालं की शेवटी वाहनांच्या वर्गांची यादी समोर येते. तोवरची बहुतेक उत्तरं कुठल्या ना कुठल्या कागदावर छापलेली असतात, ती बघून उतरवायची असतात. या यादीचं उत्तर मात्र कोणत्याच कागदावर नसतं. अर्जदाराच्या घरात कोणतं वाहन आहे, सराव कोणत्या वाहनावर होणार आहे आणि पुढे पोटापाण्यासाठी काय चालवायचं आहे, हे त्याच्याशी बोलल्याशिवाय कळत नाही. तालुक्याच्या गावी केंद्रावर बसून दिवसाला असे कितीतरी अर्ज भरणाऱ्या माणसाला तेवढं बोलायला वेळ नसतो. "दोन्ही टाकून देतो, कधीतरी लागेलच," असं म्हणून तो टिक करतो आणि पुढच्या पानावर जातो. मणिबेलीसारख्या गावातून आलेल्या मुलाला ही टिक किती महागात पडू शकते, ते या लेखात पाहायचं आहे.

मणिबेली हे नंदुरबार जिल्ह्यातल्या अक्कलकुवा तालुक्याचं, नर्मदाकाठचं गाव. सरदार सरोवराच्या पाण्याखाली जाणाऱ्या महाराष्ट्रातल्या गावांत हे पहिलं. 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला इथला सत्याग्रह देशभर गाजला. 1994 मध्ये जागतिक बँकेने मोठ्या धरणांना पैसा देणं थांबवावं अशी मागणी जगभरच्या संघटनांनी केली, तेव्हा त्या जाहीरनाम्यालाही मणिबेलीचंच नाव दिलं गेलं. काही कुटुंबं पुनर्वसनात गुजरातमधल्या परवेट्याला गेली, काही डोंगरावर वर सरकून तिथेच राहिली. राहिलेल्यांना बाहेर पडायला दोनच वाटा उरल्या: पाण्यावरून बोटीने, नाहीतर सातपुड्याच्या वळणांतून. या वळणांवर आज जी वाहनं दिसतात त्यांत मोटारसायकल सर्वांत जास्त. बाजार, रेशन, मुलांची शाळा आणि रात्री-अपरात्री मोलगीच्या दवाखान्याकडे न्यायचं बाळंतपण, सगळं तिच्यावरच चालतं.

म्हणून परवाना ही इथे हौसेची गोष्ट नाही. विनापरवाना वाहन चालवल्यास 2019 च्या दुरुस्तीनंतर 5000 रुपये दंड आहे आणि तशा माणसाच्या हाती गाडी देणाऱ्या मालकालाही वेगळा दंड आहे. त्याहून मोठा प्रश्न विम्याचा. अपघातात कोणी दगावलं आणि चालवणाऱ्याकडे परवाना नसला, तर विमा कंपनी मृताच्या घरच्यांना भरपाई देऊन ती रक्कम गाडीच्या मालकाकडून वसूल करू शकते. दोन-तीन एकर डोंगरउताराच्या शेतीवर जगणाऱ्या घराचा अशा वसुलीने कणाच मोडतो. इथे एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. सर्वोच्च न्यायालयाने 2004 मध्ये स्वर्णसिंग खटल्यात सांगितलं की शिकाऊ परवाना असणाराही कायद्याच्या दृष्टीने परवानाधारकच आहे. म्हणजे अटी पाळून वाहन चालवणाऱ्याला हा कागद पहिल्या दिवसापासून संरक्षण देतो.

अर्जातले दोन रस्ते

अर्ज sarathi.parivahan.gov.in या संकेतस्थळावर भरायचा. राज्य महाराष्ट्र निवडायचं, Apply for Learner Licence वर जायचं, परिवहन कार्यालय म्हणून नंदुरबारचं MH39 निवडायचं. सुरुवातीलाच एक फाटा फुटतो आणि पुढे किती खेपा पडणार ते तिथेच ठरतं. आधारच्या आधारे अर्ज केला तर आधारला जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी येतो, नाव-पत्ता-फोटो तिथूनच उचलले जातात आणि वाहतूक नियमांची परीक्षा घरबसल्या देता येते. महाराष्ट्रात ही सोय जून 2021 पासून आहे. आधारशिवाय अर्ज केला तर वयाचा आणि पत्त्याचा पुरावा अपलोड करायचा, परीक्षेचा स्लॉट घ्यायचा आणि ठरलेल्या दिवशी कार्यालयात जाऊन संगणकावर परीक्षा द्यायची. पहिल्या रस्त्याने नंदुरबारची एकच खेप पडते, शेवटच्या वाहन-चाचणीची. दुसऱ्या रस्त्याने दोन. मणिबेलीहून निघून नंदुरबारला काम उरकून त्याच दिवशी घरी परतणं अवघड असल्यामुळे प्रत्येक खेपेला दोन दिवसांची मजुरी, भाडं आणि रात्रीच्या मुक्कामाची सोय लागते.

पहिला रस्ता निवडायचा तर आधार नीट लागतं आणि नेमकं तिथेच अडतं. सातपुड्यातल्या पुष्कळ मोठ्या माणसांच्या आधारवर पूर्ण जन्मतारीख नसते, नुसतं जन्मवर्ष असतं. शाळेत गेलेल्यांच्या दाखल्यावर 1 जून असते, कारण प्रवेशाच्या वेळी गुरुजींनी तीच लिहिलेली असते. वसावे, तडवी, पाडवी, वळवी या आडनावांची इंग्रजी अक्षरं एका कागदावर एक, दुसऱ्यावर दुसरी. त्यात मोबाइल नंबर आधारला जोडलेला नसेल, किंवा पूर्वी जोडलेलं सिमकार्ड बंद पडलेलं असेल, तर ओटीपी येतच नाही, आणि आधी नंबर जोडून घ्यावा लागतो. ज्यांच्या आधारवर गुजरातमधल्या पुनर्वसन वसाहतीचा पत्ता आहे पण राहणं महाराष्ट्रातल्या भावकीत, त्यांनी तर आधी पत्त्याचा निकाल लावावा. कायद्यानुसार अर्ज राज्यातल्या कोणत्याही परवाना कार्यालयाकडे करता येतो. राज्य मात्र अर्जदार जिथे राहतो किंवा व्यवसाय करतो तेच लागतं.

यावर उपाय साधाच आहे, पण त्याचा क्रम चुकवून चालत नाही. बाजाराच्या दिवशी अक्कलकुव्याला जाणं होणारच असेल, तर आधी आधार केंद्रावर नंबर आणि जन्मतारीख दुरुस्त करून घ्यावी. दुरुस्ती झाल्याचा संदेश आल्यावरच परवान्याचा अर्ज भरायला बसावं. उलट्या क्रमाने गेलं तर अर्जावर एक तारीख, आधारवर दुसरी, शाळेच्या दाखल्यावर तिसरी असं होतं, आणि अर्ज कार्यालयाच्या तपासणीत अडकून राहतो. अर्ज जमा झाला की अर्ज क्रमांक मिळतो. तो क्रमांक आणि जन्मतारीख या दोन गोष्टींवरच पुढचं सगळं उघडतं: शुल्क भरणं, स्लॉट, परीक्षा, परवान्याची छापील प्रत. केंद्रचालकाच्या मोबाइलमध्ये तो जपून आहे एवढ्यावर विसंबू नये. कागदावर लिहून घरी ठेवावा.

वर्ग निवडताना

आता त्या यादीकडे येऊ. दुचाकीच्या बाबतीत मुख्य दोन वर्ग आहेत: MCWOG म्हणजे विनागिअर, MCWG म्हणजे गिअरची मोटारसायकल. विनागिअर वाहनावर चाचणी सोपी जाते, म्हणून अनेकांना तोच वर्ग टाकावा असा सल्ला मिळतो. चाचणीच्या दिवशी कोणाची तरी स्कूटर मागून आणली की काम झालं. गावी परतल्यावर घरात असते ती गिअरची मोटारसायकल. ती चालवायला हा परवाना चालत नाही, आणि अपघात झाला तर विम्याच्या दृष्टीने असा माणूस विनापरवानाच. उलट दिशेने कायदा उदार आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम 9 मध्ये स्पष्ट म्हटलं आहे की गिअरच्या मोटारसायकलची चाचणी जो उत्तीर्ण झाला, तो विनागिअरचीही चाचणी उत्तीर्ण झाला असं मानायचं. म्हणून डोंगरातल्या मुलाने आणि मुलीनेही MCWG एवढाच दुचाकी वर्ग निवडावा. गावात काम करणाऱ्या आशाताईला आज स्कूटर मिळाली असेल, पण अडीअडचणीला भावाची मोटारसायकल घ्यावी लागणार असेल, तर तिनेही हाच वर्ग घ्यावा. सोळा वर्षांच्या मुलांसाठी कायद्यात 50 सीसीपर्यंतच्या दुचाकीची सवलत आहे, पण आज बाजारात दिसणाऱ्या बहुतेक स्कूटर 100 सीसीच्या पुढच्या असल्याने तिचा व्यवहारात फारसा उपयोग होत नाही. अठरा पूर्ण होईपर्यंत थांबणं हाच सरळ मार्ग.

चारचाकीसाठी वर्ग LMV, म्हणजे हलकं मोटार वाहन. केंद्रचालक 'दोन्ही टाकून देतो' म्हणतो तेव्हा MCWG बरोबर हाच वर्ग त्याच्या मनात असतो. केंद्रीय नियमांतल्या दरांनी हिशेब मांडला तर फरक लगेच दिसतो. शिकाऊ परवान्याला प्रत्येक वर्गामागे 150 रुपये आणि परीक्षेचे 50. पुढे कायम परवान्याला 200 आणि वाहन-चाचणीला प्रत्येक वर्गामागे 300. एकट्या मोटारसायकलचं गणित 700 रुपयांत बसतं. LMV ही टाकला की ते 1150 वर जातं, शिवाय चाचणीसाठी ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीचं भाडं वेगळं. आणि पैशांपेक्षा मोठी अडचण सरावाची. गावात चारचाकीच नाही, शिकवणाराही नाही, मग सहा महिन्यांत LMV चा सराव होणार कुठे? अशा वेळी चाचणी मोटारसायकलचीच होते आणि चारचाकीसाठी भरलेले पैसे वाया जातात. मोटारसायकलचा कायम परवाना आधी हातात घ्यावा आणि चारचाकी खरोखर शिकायला मिळेल तेव्हा तो वर्ग जोडावा. ज्याच्याकडे आधीचा परवाना आहे त्याला नियमांची परीक्षा पुन्हा द्यावी लागत नाही, त्यामुळे नंतर जोडणं पहिल्यापेक्षा हलकंच जातं.

एक अपवाद आहे आणि तो या भागात मोठा आहे. ज्या मुलाला पिकअप किंवा जीप चालवून पोट भरायचं आहे, त्याने LMV पहिल्याच अर्जात घ्यावा. पूर्वी अशा चालकाला वाहतुकीच्या वाहनासाठी वेगळी नोंद लागते की नाही यावर वर्षानुवर्षं वाद चालला. विमा कंपन्या भरपाई नाकारण्यासाठी याच मुद्द्यावर भर देत. 2017 मध्ये मुकुंद देवांगन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने चालकांच्या बाजूने निकाल दिला, आणि 6 नोव्हेंबर 2024 रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने तो कायम केला. साडेसात हजार किलोपर्यंतचं हलकं वाहतूक वाहन चालवायला LMV परवाना पुरतो, वेगळी नोंद लागत नाही. प्रवासी वाहतुकीचे परमिट आणि बॅज यांचे नियम वेगळे आहेत, त्यांची चौकशी स्वतंत्र करावी लागते. पण परवान्यापुरता प्रश्न सुटला आहे. आणखी एक दार याआधीच उघडलं होतं. वाहतूक वाहनाच्या परवान्यासाठी पूर्वी आठवी पास असण्याची अट होती, ती 2019 मध्ये काढून टाकली. 2011 च्या जनगणनेत नंदुरबारची साक्षरता सुमारे 64 टक्के होती, राज्यात सर्वांत कमी. त्या जिल्ह्यातल्या मुलांसाठी ही अट जाणं हा मोठाच दिलासा होता, पण अर्ज भरणाऱ्या कितीतरी जणांना अजून त्याची माहिती नाही.

परीक्षा कोणी द्यायची

घरबसल्या परीक्षेत 15 प्रश्न असतात आणि 9 बरोबर यावे लागतात. वाहतूक चिन्हं, रस्त्याचे नियम, अपघात झाल्यावर चालकाचं कर्तव्य, चौकीदार नसलेलं रेल्वे फाटक ओलांडताना घ्यायची काळजी आणि वाहनात ठेवायची कागदपत्रं, एवढ्यावरच हे प्रश्न येतात. परीक्षेआधी सुरक्षिततेचा व्हिडिओ दाखवला जातो. ओटीपी टाकला की प्रश्न सुरू होतात.

इथेच केंद्रावर सर्वांत मोठी चूक घडते. "आधार दे, ओटीपी सांग, बाकी मी बघतो." पाच मिनिटांत परवाना छापून हातात येतो. मुलाला बरं वाटतं, केंद्रचालकाला वाटतं आपण मदत केली. प्रत्यक्षात त्या मुलाने ज्या नियमांची परीक्षा द्यायची होती ते त्याने पाहिलेलेही नसतात, आणि दुसऱ्याच्या नावाने परीक्षा देणं हा खोटेपणाच आहे. या परीक्षेतला एक नियम सातपुड्यासाठीच लिहिला असावा असा आहे: अरुंद घाटात चढणाऱ्या वाहनाला उतरणाऱ्याने आधी वाट द्यायची. देवगोई घाटात किंवा चांदसैली घाटात हा नियम माहीत नसलेला चालक दरीच्या बाजूने आलेल्या भरल्या गाडीसमोर अडून राहतो, आणि चढावर थांबलेली जड गाडी मागे घसरायला वेळ लागत नाही. पंधरातला हा एक प्रश्न त्याने स्वतः वाचला असता तर तो जन्मभर लक्षात राहिला असता.

भाषेची अडचण खरी आहे. परीक्षा मराठीत देता येते, पण मणिबेलीच्या घरात भिली बोलली जाते आणि जवळच्या पाड्यांवर पावरी. छापील मराठी वाक्य वाचून ठरलेल्या वेळात उत्तर निवडणं अशा मुलाला जड जातं. तरीही चिन्हांचे प्रश्न अक्षरावर अवलंबून नसतात, हे त्याला नीट समजावून सांगितलं तर निम्मी लढाई जिंकली जाते. लाल काठाचं वर्तुळ दिसलं की ते बंधन आहे, पाळलं नाही तर दंड. लाल काठाचा त्रिकोण दिसला की पुढे धोका आहे: वळण, शाळा, चढ, अरुंद पूल. निळी चौकट दिसली की माहिती: दवाखाना, पेट्रोल पंप, थांबा. अष्टकोनी फक्त एकच, थांबा. उलटा त्रिकोणही एकच, दुसऱ्याला वाट द्या. एवढं चित्रात पाहून घेतलं तरी चिन्हांवरची बरीच उत्तरं येतात. नर्मदाकाठच्या जीवनशाळांनी मुलांना त्यांच्याच बोलीतून शिकवण्याची वाट कधीच दाखवली आहे. परिवहन खात्याने प्रश्न भिलीत आणि पावरीत ऐकवण्याची सोय केली, तर ओटीपी दुसऱ्याच्या हाती देण्याचं मोठं कारणच संपेल.

पाड्यातला पहिला परवाना

शिकाऊ परवाना मिळाल्यावरच्या अटी कोणी वाचून दाखवत नाही. पुढे-मागे पांढऱ्या पाटीवर लाल L हवा. शिकणाऱ्यासोबत त्या वर्गाचा कायम परवाना असलेला माणूस हवा. मोटारसायकलवर शिकवणाऱ्याशिवाय दुसरं कोणीही बसवायचं नाही. शहरात ही दुसरी अट कोणाला जाणवत नाही, घराघरात परवानाधारक असतो. ज्या पाड्यात एकाकडेही परवाना नाही, तिथे मात्र कायदेशीर सराव करायचाच कोणाच्या जोडीने, हा प्रश्न उभा राहतो. शिकवायला परवानाधारक हवा आणि परवाना मिळवायला सराव हवा, या फेऱ्यात पाडा अडकतो, आणि पोरं आडवाटेने शिकून तशीच वर्षानुवर्षं चालवत राहतात.

म्हणूनच एखाद्या पाड्यातला पहिला खरा परवाना सगळ्या पाड्याच्या उपयोगाचा असतो. ज्याने तो स्वतः अभ्यास करून, स्वतः चाचणी देऊन मिळवला, तो पुढच्या पाच-सहा जणांना कायद्याच्या चौकटीत शिकवू शकतो. केंद्रावर दुसऱ्याने परीक्षा देऊन मिळवलेल्या परवान्याने कागदावरची अट भागते, पण असा परवानाधारक मागे बसून शिकणाऱ्याला काय शिकवणार?

तीस दिवस आणि सहा महिने

आता स्लॉटचं गणित. शिकाऊ परवाना सहा महिने चालतो आणि त्याची मुदत वाढवून मिळत नाही. वाहन-चाचणी तो मिळाल्यापासून किमान 30 दिवसांनंतरच देता येते. म्हणजे मधल्या सुमारे पाच महिन्यांत चाचणीचा स्लॉट घ्यायचा, सराव करायचा आणि चाचणी द्यायची. पोर्टलवर अर्ज क्रमांक टाकून तारीख निवडायची, उपलब्ध तारखा हिरव्या दिसतात. चाचणीला त्याच वर्गाचं वाहन न्यावं लागतं आणि त्याची नोंदणी, विमा, पीयूसी चालू असावी लागते. डोंगरातल्या जुन्या मोटारसायकलींचा विमा संपलेला असणं नवीन नाही. चाचणीच्या दिवशी हे लक्षात आलं तर आलेली खेप फुकट. नापास झालं तर सात दिवसांनी पुन्हा देता येते, तीनदा नापास झाल्यावर मात्र 60 दिवस थांबावं लागतं.

पाच महिने ऐकायला भरपूर वाटतात. पण अक्कलकुवा-धडगाव भागातली माणसं पावसाळा संपला की ऊसतोडीला किंवा बांधकामाला गुजरातकडे जातात आणि होळीला घरी येतात. काठीची राजवाडी होळी ही साऱ्या सातपुड्याची होळी, तिला येणं कोणी चुकवत नाही. एक उदाहरण धरून चालू. मणिबेलीचा एकोणीस वर्षांचा मुलगा पंधरा ऑगस्टला शिकाऊ परवाना घेतो. त्याला पहिली चाचणी देता येते सप्टेंबरच्या मध्यावर. तेव्हा घाटात दरडी कोसळत असतात, वाट बंद असते. ऑक्टोबरमध्ये सराव सुरू होतो न होतो तोच मुकादमाचा निरोप येतो आणि तो गुजरातला जातो. शिकाऊ परवाना देशभर चालतो, पण फडावर त्याला मोटारसायकल देणार कोण आणि शिकवणार कोण? त्याचा परवाना फेब्रुवारीच्या मध्यावर संपतो. 2026 मध्ये होळी 2 मार्चला होती. तो गावी पोचला तेव्हा हातात मुदत संपलेला कागद होता. पुन्हा अर्ज, पुन्हा शुल्क, पुन्हा परीक्षा.

तोच मुलगा परवाना 1 ऑक्टोबरला घेतो असं धरलं, तर मुदत 31 मार्चपर्यंत जाते आणि होळीनंतर सुमारे चार आठवडे हाती राहतात. पण तेव्हा नंदुरबारचे स्लॉट आठवडाभर जरी भरलेले असले, तरी एकदा नापास होण्याचीसुद्धा सोय राहत नाही. तिसरा पर्याय सगळ्यात सरळ आहे. होळी झाली की त्याच आठवड्यात अर्ज करायचा. मार्चमध्ये शिकाऊ परवाना, एप्रिल ते मे कोरड्या रस्त्यावर सराव, मे महिन्यात चाचणी. एकदा नापास झालं तरी पाऊस लागण्याआधी दुसरी संधी मिळते. पुढच्या ऊसतोडीला जाताना खिशात कायम परवाना असतो आणि त्यात LMV असेल तर फडावर ट्रॅक्टर किंवा पिकअप चालवण्याचं जास्त मजुरीचं काम मिळण्याची दारं उघडतात. म्हणून अर्जाचा महिना ठरवताना कॅलेंडरच्या आधी होळी पाहायला हवी. कारकुनाच्या दृष्टीने सहा महिने म्हणजे सहा महिने. मजुरीला जाणाऱ्या माणसाच्या दृष्टीने ते कोणत्या महिन्यात सुरू होतात यावर सगळं अवलंबून असतं.

शासनाने काय करावं

ऑनलाइन अर्ज आल्यापासून शासनाकडून एक वाक्य वारंवार ऐकू येतं: आता घरबसल्या सगळं होतं. नियमांच्या परीक्षेपुरतं ते खरं आहे. वाहन-चाचणी मात्र घरी होत नाही, होऊही नये. चालवण्याचं कसब निरीक्षकाने डोळ्यांनी पाहिलंच पाहिजे. पण त्यासाठी मणिबेलीच्या मुलाने नंदुरबारलाच का यावं? राज्यातली परिवहन कार्यालयं तालुक्याच्या ठिकाणी शिबिरं घेतात. तसंच होळीनंतरच्या पंधरवड्यात मोलगीला सलग काही दिवस शिबिर लावावं, त्याच्या तारखा आणि स्लॉट फेब्रुवारीतच पोर्टलवर खुले करावेत. ज्या ग्रामपंचायतींना परवानाधारकांची सर्वांत जास्त टंचाई आहे, त्यांच्यासाठी त्यातले काही स्लॉट राखून ठेवावेत.

हे अशक्य नाही, याचा पुरावा मणिबेलीतच आहे. महाराष्ट्राच्या विधानसभा मतदारसंघांत अक्कलकुवा क्रमांक 1 आणि त्यातलं मतदान केंद्र क्रमांक 1 म्हणजे मणिबेली. निवडणुकीत मतदान कर्मचारी यंत्रं घेऊन बोटीने तिथे जातात, कारण एकही मतदार सुटू नये असा आग्रह असतो. नर्मदेच्या पाण्यावर तरंगता दवाखाना काठाकाठाने फिरतो, कारण आजारी माणसाने दवाखान्यापर्यंत चालत यावं ही अपेक्षा रास्त नाही, हे शासनाने मान्य केलं आहे. मत आणि औषध जिथे बोटीने पोचतं, तिथून जवळ असलेल्या मोलगीला वाहन निरीक्षक वर्षातून एकदा काही दिवस जाऊ शकतो.

आणि जो कोणी हा लेख वाचून आपल्या ओळखीच्या एखाद्या मुलाचा अर्ज भरून देणार असेल, त्याला तीन गोष्टींची विनंती. वर्गाच्या यादीवर टिक करण्याआधी त्याला विचारा की घरात कोणती गाडी आहे. परीक्षेच्या वेळी फोन त्याच्या हातात द्या आणि तुम्ही बाजूला बसा. आणि अर्ज जमा करण्याआधी एवढं विचारा की पुढचे सहा महिने तो गावात असणार आहे का. या तीन गोष्टी केल्या तर त्याला शिकाऊ परवान्यासाठी पुन्हा अर्ज करण्याची वेळ येणार नाही.